कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचे तीन आकडे कसे वाचायचे?



स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांच्या गटावर आले की एक तक्रार हमखास असते, "आमच्या मुलीचा नाचाचा फोटो हललाय." नाच पुन्हा होणार नसतो, त्यामुळे तो फोटोही पुन्हा मिळणार नसतो. म्हणून आज असाच एक फोटो समोर ठेवून शिकूया. फोटो घेतला त्या वेळी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर काय दिसत होतं, त्याचाही फोटो मोबाइलने काढलेला आहे. त्यातली महत्त्वाची ओळ अशी :

```
M   1/60   F5.6   ISO 800
```

M म्हणजे सगळं आपल्या हातात, कॅमेरा स्वतःहून काही बदलणार नाही. पुढचे तीन आकडे म्हणजे शटर स्पीड, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. तिघांचंही पहिलं काम एकच, फोटो किती उजळ येईल हे ठरवणं. पण प्रत्येक जण त्या उजेडाची वेगळी किंमत वसूल करतो. ती किंमत कळली की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

1/60 : शटर स्पीड

आतला पडदा किती वेळ उघडा राहिला, ते हा आकडा सांगतो. इथे एका सेकंदाचा साठावा भाग. ऐकायला हे फार कमी वाटतं, पण हिशोब करून पाहा. नाचताना मुलीचा हात सेकंदाला ३ मीटर वेगाने फिरतोय असं धरू. 1/60 सेकंदात तो ५ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे फोटोत बोटांच्या जागी नुसता पुसट पट्टा. हाच आकडा 1/250 केला तर हात जेमतेम १.२ सेंटीमीटर सरकतो आणि बोटं बऱ्यापैकी वेगळी दिसतात. पण पडदा चौपट कमी वेळ उघडा राहिला, म्हणून उजेडही चौपट कमी झाला. फोटो काळपट येणार. ही शटरची किंमत.

एक सावधगिरी : बऱ्याच कॅमेऱ्यांत डोळा लावून बघायच्या खिडकीत 1/60 ऐवजी नुसतं 60 दिसतं. आणि आकड्यापुढे दोन छोट्या रेघा असतील, म्हणजे 1" असेल, तर तो पूर्ण एक सेकंद. मुलं इथे नक्की गोंधळतात.

F5.6 : अ‍ॅपर्चर

अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं लहानमोठं होणारं छिद्र. इथे आकडा उलटा चालतो, आकडा लहान तर छिद्र मोठं. कारण गणिताचं आहे. भिंगाचं नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास म्हणजे हा आकडा. ५० मिलिमीटरच्या भिंगात F2 म्हणजे २५ मिलिमीटरचं छिद्र आणि F4 म्हणजे १२.५ मिलिमीटरचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून उजेडही पाव. म्हणूनच 2.8, 4, 5.6, 8 असे विचित्र वाटणारे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याला उजेड निम्मा होतो.

याची किंमत कोणती? छिद्र मोठं केलं की पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. नेहमीच्या हौशी डीएसएलआरवर ५० चं भिंग F1.8 वर ठेवून ३ मीटरवरून वर्गाचा फोटो घेतला, तर सुमारे २५ सेंटीमीटर खोलीचाच पट्टा स्पष्ट येतो. पुढची रांग छान आणि मागच्या रांगेचे चेहरे पुसट! तीन रांगांच्या फोटोला म्हणूनच F8 बरा.

ISO 800 : आयएसओ

आयएसओ वाढवल्याने बाहेरून येणारा उजेड वाढत नाही. जो उजेड आला, त्याचं चित्र अधिक उजळ करून मिळतं. सभागृहातला माईक आठवा. हळू बोलणाऱ्या मुलासाठी आवाज वाढवला की त्याचं बोलणं ऐकू येतं, पण खरखरही वाढते. तसंच इथे. अपुऱ्या उजेडात आकडा चढवत गेलं की चित्रात दाणे दिसू लागतात, आणि ते आधी केसांत, काळ्या पडद्यात, सावल्यांत दिसतात.

बिघाड कुठला, ते कसं ओळखायचं?

फोटो मोठा करून बघा. मागचा फलक स्पष्ट आणि हात-पाय मात्र पुसट, तर शटर हळू होतं. फलकासकट सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं, तर कॅमेरा हातात हलला. चेहरा पुसट पण त्याच्या मागचं काहीतरी लख्ख दिसलं, तर फोकस भलत्याच जागी बसला आणि छिद्र मोठं असल्याने चूक झाकली गेली नाही. कडा जागेवर आहेत पण चित्र दाणेदार आहे, तर ते आयएसओमुळे.

आपल्या फोटोत फलकावरचं शाळेचं नाव नीट वाचता येतं आणि हात पुसट आहेत. म्हणजे गुन्हेगार 1/60.

आता दुरुस्ती करू

1/250 हवं. उजेड चौपट घटणार, तो इतर दोन आकड्यांतून भरून काढायचा. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे F4 करणे. पण हा फोटो कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ च्या भिंगाने, झूम पूर्ण ५५ वर नेऊन घेतला होता. अशा भिंगात ५५ वर 5.6 च्या खाली जाताच येत नाही. झूम मागे घेऊन २४ च्या आसपास आणलं की F4 मिळतो. म्हणून शेवटच्या रांगेतून उठा, स्टेजजवळ जा, झूम कमी करा. इथे उजेड दुप्पट झाला. राहिलेली दुप्पट आयएसओने :

```
M   1/250   F4   ISO 1600
```

फोटो पूर्वीइतकाच उजळ येईल, हात बऱ्यापैकी स्पष्ट दिसतील, दाणे थोडे वाढतील. जागेवरून हलणं शक्यच नसेल तर F5.6 तसंच ठेवून ISO 3200 करा. दाणेदार चेहरा ओळखू तरी येतो, हललेला चेहरा नंतर कशानेच सुधारत नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. आपल्याकडच्या विजेवर काही ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. 1/250 वर काही फोटो अचानक काळपट किंवा पट्टेदार आले तर कॅमेरा बिघडलेला नाही. 1/100 वर या, आणि नाचणारी मुलं क्षणभर थांबतात ती मुद्रा टिपा.

मोबाइलवर 'प्रो' मोड असेल तर हेच आकडे दिसतात. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र बदलत नाही, त्यामुळे देवघेव उरलेल्या दोन आकड्यांतच करायची.

वर्गात करून पाहा : टेबल फॅन मध्यम वेगावर लावा. 1/30, 1/250 आणि 1/1000 वर एकेक फोटो घ्या. दर वेळी फोटो सारखाच उजळ येईल असा आयएसओ मुलांनाच शोधायला सांगा. मग तिन्ही फोटो शेजारी ठेवून विचारा : पाती कुठे मोजता येतात, आणि दाणे कुठे जास्त आहेत? उत्तरं वहीत आकड्यांसकट लिहून घ्या.