मोरीच्या अहवालातील जलविज्ञान विभाग : नोंद, गृहीत आणि निवड

प्रास्ताविक

तांत्रिक अहवालाची सर्वसाधारण रचना आपण मागील घटकात पाहिली. प्रस्तुत घटकात आपण अशा अहवालातील एकच विभाग जवळून वाचणार आहोत. रस्त्याखालून ओढ्याचे पाणी पलीकडे नेणाऱ्या लहान बांधकामास बांधकाम खात्याच्या परिभाषेत ‘मोरी’ म्हणतात. घरातील न्हाणीच्या मोरीशी तिचे नाते केवळ पाणी वाहून जाण्यापुरते आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या वर्गीकरणानुसार सहा मीटर लांबीपर्यंतचे बांधकाम मोरी ठरते. त्यापुढे लहान पूल सुरू होतो. मोरीचे तोंड किती मोठे ठेवावे हे ठरविण्यासाठी तेथे जास्तीत जास्त किती पाणी येईल याचा अंदाज करावा लागतो. हा अंदाज ज्या विभागात मांडलेला असतो, तो जलविज्ञान विभाग होय.

मराठीच्या विद्यार्थ्याने हा विभाग का अभ्यासावा, हे पुढील नमुन्यावरून लक्षात येईल. हा नमुना अध्ययनासाठी रचलेला आहे. मोरी दख्खनच्या पठारावरील एका ग्रामीण रस्त्यावर आहे असे समजावे.

“प्रस्तावित मोरीचे पाणलोट क्षेत्र ६० हेक्टर आहे. ओढ्याची लांबी १.२ कि.मी. असून दोन टोकांतील उंचीचा फरक १८ मी. आहे. चोवीस तासांचा पाऊस १९२ मि.मी. आहे. अपवाह गुणांक ०.५० आहे. पुनरावृत्ती काळ ५० वर्षे आहे. संकल्पित विसर्ग १२ घनमीटर प्रति सेकंद आहे.”

व्याकरणदृष्ट्या या उताऱ्यात दोष नाही. तथापि सहाही वाक्ये ‘आहे’ या एकाच क्रियापदावर विसावली आहेत आणि अडचण तेथेच आहे. यांतील काही आकडे मोजलेले, काही मानलेले, एक ठरविलेला आणि एक गणिताने काढलेला आहे. ‘आहे’ या शब्दाने त्या सर्वांना एकाच पंक्तीत बसविले आहे.

पावसाचा आकडा

१९२ मि.मी. हा पाऊस प्रत्यक्ष पडलेला आहे काय? नमुन्यातील गणनेमागे तालुक्याच्या ठिकाणच्या पर्जन्यमापकाच्या ३२ वर्षांच्या नोंदी आहेत आणि तो पर्जन्यमापक मोरीपासून १४ कि.मी. दूर आहे. प्रत्येक वर्षातील एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस निवडून ३२ आकड्यांची मालिका तयार केली. तीत सर्वांत मोठा आकडा १७८ मि.मी. आहे. म्हणजे १९२ मि.मी. पाऊस त्या पर्जन्यमापकात कधीही नोंदला गेलेला नाही. गुंबेल वितरण या सांख्यिकीय पद्धतीने ही मालिका पुढे वाढवून पन्नास वर्षांसाठीचा अंदाज काढला, तो १९२ आला. ३२ वर्षांच्या नोंदीवरून ५० वर्षांचे अनुमान करणे ही रूढ आणि मान्य रीत आहे. परंतु ते अनुमान आहे, हे वाक्यात दिसले पाहिजे.

दुसरा प्रश्न अंतराचा. पर्जन्यमापकात पडलेला पाऊस आपल्या ओढ्यावरही तेवढाच पडतो, हे गृहीत किती नाजूक असते हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईत दिसले. सांताक्रूझ केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाबा केंद्रावर जेमतेम ७३ मि.मी. केवळ कुलाब्याची वही पाहणाऱ्यास त्या दिवशी काही विशेष घडले असे वाटलेच नसते. म्हणून पर्जन्यमापकाचे ठिकाण, अंतर, नोंदींचा कालखंड आणि मध्ये गहाळ झालेली वर्षे यांचा उल्लेख टाळता येत नाही. गहाळ वर्षांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. नोंदी कशामुळे तुटल्या ते तपासावे लागते, कारण अतिवृष्टीच्या वर्षीच पर्जन्यमापक वाहून गेला असेल, तर मालिकेतून नेमका मोठा आकडाच हरवलेला असतो.

लहान ओढ्याला दिवसभराच्या एकूण पावसापेक्षा थोड्या वेळात कोसळलेली सर अधिक धोक्याची असते. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकाचे पाणी मोरीपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ म्हणजे संकेंद्रण काळ. सर एवढा वेळ टिकली की संपूर्ण पाणलोटाचे पाणी एकाच वेळी मोरीवर येते. नमुन्यातील लांबी आणि उंचीचा फरक सूत्रात घातले असता हा काळ सुमारे २३ मिनिटे येतो. दर तासाची नोंद करणारे स्वयंचलित यंत्र जवळपास नसल्यास चोवीस तासांच्या पावसावरून अशा थोड्या काळाची तीव्रता सूत्राने काढतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या लहान पूल व मोऱ्यांसंबंधीच्या मार्गदर्शिकेतील सूत्रानुसार १९२ मि.मी.पैकी १०० मि.मी. एका तासात पडू शकतात आणि २३ मिनिटांच्या सरीची तीव्रता ताशी सुमारे १४५ मि.मी. येते.

पाणलोटाविषयीची गृहीतके

साठ हेक्टर हे क्षेत्र शेतकऱ्यास दीडशे एकरांएवढे, म्हणजे बरेच मोठे वाटेल. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर मात्र ते जेमतेम २.४ चौरस सेंटिमीटर भरते. टपाल तिकिटाहून लहान अशा या आकृतीची कड पेन्सिलीने आखताना रेषा थोडी सरकली, तरी क्षेत्र बदलते. त्याच नकाशावरील समोच्च रेषांतील अंतर २० मीटर असते, आणि आपल्या ओढ्याच्या उंचीचा फरक आहे १८ मीटर. म्हणजे हा फरक त्या नकाशावरून विश्वासाने वाचता येत नाही; तो जागेवर पातळ्या घेऊन मोजावा लागतो. अहवालात ‘१८ मी. आहे’ एवढेच असेल, तर सूक्ष्म वाचक प्रथम हेच विचारील की तो मोजला कोणी आणि कशाने. पाणलोटाच्या कडेने पायी फिरणेही आवश्यक असते. एखादा कालव्याचा भराव किंवा नवा रस्ता शेजारच्या ओढ्याचे पाणी इकडे वळवीत असेल, तर जुन्या नकाशास त्याची वार्ताही नसते.

आता अपवाह गुणांक पाहू. पडलेल्या पावसापैकी किती भाग जमिनीत न मुरता वाहून येतो, त्याचे हे प्रमाण. ०.५० म्हणजे निम्मा. मार्गदर्शिकेत मातीचा प्रकार आणि आच्छादन यांनुसार त्याची मूल्ये दिलेली असतात : विरळ आच्छादनाच्या चिकण जमिनीस ०.५०, तशाच पठारी प्रदेशास ०.७०, उघड्या उभ्या खडकास ०.९०. यांतील कोणती ओळ आपल्या माळास लागू पडते, हे अभियंत्याने पाहून ठरवायचे असते. येथे मोजमाप नाही, निवाडा आहे.

विसर्गाचे सूत्र साधे आहे :

विसर्ग = ०.२७८ × अपवाह गुणांक × तीव्रता × क्षेत्र

तीव्रता ताशी मि.मी.मध्ये आणि क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घेतले की उत्तर घनमीटर प्रति सेकंद या एककात मिळते. ०.२७८ × ०.५० × १४५ × ०.६ यांचा गुणाकार सुमारे १२ येतो. वृत्तपत्रांतील परिचित एककात सांगायचे तर सुमारे ४२४ क्युसेक.

पुनरावृत्ती काळाची निवड

‘पन्नास वर्षांचा पूर’ या शब्दप्रयोगाने पुष्कळ गैरसमज पसरविला आहे. असा पूर पन्नास वर्षांतून एकदाच येतो आणि एकदा आला की पुढची एकोणपन्नास वर्षे निश्चिंती, असे तो ऐकणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता दोन टक्के आहे. लागोपाठ दोन वर्षे तो येऊ शकतो. मोरी पन्नास वर्षे वापरात राहिली, तर त्या अवधीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. शंभर वर्षांचा पूर धरला तरी ती सुमारे ३९.५ टक्के उरतेच. माझ्या मते अहवालात ही टक्केवारी दिलीच पाहिजे. ग्रामपंचायतीच्या सदस्यास ‘पुनरावृत्ती काळ’ या संज्ञेतून जे कळत नाही, ते या एका आकड्यातून कळते.

तरीही सगळी चर्चा याच निवडीभोवती फिरते, हे मला फारसे पटत नाही. आपल्याच नमुन्यात पंचवीस वर्षांचा काळ निवडला, तर पाऊस १७० मि.मी. आणि विसर्ग १०.७ होतो, शंभर वर्षांचा निवडला, तर पाऊस २१४ मि.मी. आणि विसर्ग १३.४. म्हणजे काळ चौपट झाला तरी विसर्ग फक्त सव्वा पट वाढला. याउलट पन्नास वर्षेच कायम ठेवून गुणांक ०.५० ऐवजी ०.७० धरला, तर विसर्ग जवळजवळ १७ होतो. सेकंदास अडीच मीटर वेगाने पाणी जाऊ द्यायचे असेल, तर मोरीचे तोंड ४.८ ऐवजी ६.८ चौरस मीटर ठेवावे लागेल. वरच्या माळावर उद्या प्लॉट पडले, मुरूम दाबून रस्ते झाले, की गुणांक याच दिशेने सरकतो. तोंड अपुरे पडले म्हणजे पाणी वरच्या बाजूच्या शेतांत तुंबते, मग रस्त्यावरून वाहू लागते आणि खालच्या बाजूने भराव कापीत येते. अहवालात ज्या गुणांकाला एक ओळही वाट्यास आली नव्हती, त्यावर हे सारे अवलंबून होते.

म्हणूनच अंदाजाची पडताळणी स्वतंत्र मार्गाने करतात. गावातील वृद्धांना विचारून आठवणीतल्या मोठ्या पुराची खूण शोधतात : पिंपळाच्या बुंध्यावरील गाळाची रेषा, देवळाची बुडालेली पायरी. निरनिराळ्या माणसांना वेगवेगळे विचारून एकच खूण मिळाली, तर ती विश्वसनीय मानतात. त्या पातळीला ओढ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर आणि उतारावरून काढलेला वेग सेकंदास २.२ मीटर असेल, तर त्या पुराचा विसर्ग सुमारे १० भरतो. आठवणीतला पूर १० आणि संकल्पित १२, हे सुसंगत आहे. खुणेवरून १६ आले असते, तर गृहीतके पुन्हा तपासावी लागली असती.

नमुन्याचे पुनर्लेखन

“मोरीपासून १४ कि.मी. अंतरावरील पर्जन्यमापकाच्या ३२ वर्षांच्या नोंदींत एका दिवसाचा सर्वाधिक पाऊस १७८ मि.मी. नोंदला गेला आहे. या नोंदींवरून ५० वर्षांच्या पुनरावृत्ती काळासाठी १९२ मि.मी. पावसाचे अनुमान केले आहे. पाणलोटाची सीमा नकाशावर आखून जागेवर तपासली असून क्षेत्र ६० हेक्टर भरले. उंचीचा १८ मी. फरक पातळ्या घेऊन मोजला आहे. जमीन चिकण व विरळ झुडपांची असल्याने अपवाह गुणांक ०.५० गृहीत धरला आहे. माळावर वस्ती झाल्यास हे गृहीत लागू राहणार नाही. गावास पर्यायी रस्ता असल्याने ५० वर्षांचा काळ निवडला आहे. त्यानुसार विसर्ग १२ घनमीटर प्रति सेकंद येतो. स्थानिक पूरखुणेवरून काढलेला विसर्ग १० घनमीटर प्रति सेकंद आहे.”

स्वयंअध्ययनासाठी

१. पुनर्लिखित उताऱ्यातील क्रियापदे अधोरेखित करा आणि प्रत्येक आकडा नोंदलेला, मोजलेला, गृहीत, निवडलेला की गणिताने काढलेला आहे ते लिहा.

२. गावास पर्यायी रस्ता नसून याच मोरीवरून रुग्णालयास जावे लागते, असे समजून पुनरावृत्ती काळाविषयीचे वाक्य कारणासह नव्याने लिहा.