परीक्षेच्या आदल्या सायंकाळचा अर्ज

पेपरच्या आदल्या दिवशी परीक्षा विभागाकडे जाणारी पत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात, आणि दुर्दैवाने भयाच्या भरात लिहिणारा विद्यार्थी, व त्याच्या शेजारी बसून मजकूर सांगणारे त्याचे वडील, नेमका त्या दोहोंतला भेद विसरतात. प्रवेशपत्र गहाळ झाले ही एक गोष्ट, आणि प्रवेशपत्रावरचा मजकूर चुकीचा छापला गेला ही सर्वस्वी दुसरी. पहिल्या प्रसंगी विद्यार्थ्याच्या हातातला कागद गेलेला असतो, परंतु विभागाच्या दप्तरातली नोंद शाबूत असते. दुसऱ्या प्रसंगी कागद हातात असतो, पण ज्या नोंदीवरून तो छापला गेला ती नोंदच सदोष असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी तोच कागद पुन्हा दहा वेळा छापून घेतला तरी तीच चूक दहा वेळा हाती येते. म्हणून ईमेल लिहिण्यापूर्वी आपला प्रसंग या दोहोंपैकी कोणता, हे पाच मिनिटे शांतपणे ठरवले पाहिजे.

गहाळ झालेल्या प्रवेशपत्राची चिंता बहुधा अवास्तव असते. आता बहुतेक परीक्षांचे प्रवेशपत्र संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, आणि जेथे ते विद्यार्थ्याला स्वतः काढता येत नाही तेथे महाविद्यालयाला काढता येते. नागपूर-अमरावतीकडून बदली होऊन रायपूरला आलेल्या पालकांना महाराष्ट्र राज्य मंडळाची रीत ठाऊक असेल: दहावी-बारावीचे प्रवेशपत्र शाळा छापून देते, ते हरवल्यास शाळाच पुन्हा प्रत काढून तीवर लाल शाईने ‘द्वितीय प्रत’ असा शेरा मारते, आणि छायाचित्र सदोष असेल तर नवे छायाचित्र चिकटवून मुख्याध्यापक त्यावर शिक्का व सही करतात. तात्पर्य, हरवलेल्या कागदाचा इलाज बहुधा नजीकच्याच कचेरीत असतो, आणि त्यासाठी परीक्षा विभागाला लिहावयाचा मजकूर चार ओळींहून अधिक नसावा.

खरा विचार करावयाचा तो चुकीच्या छपाईचा. येथेही सगळ्या चुका एका योग्यतेच्या नाहीत. मराठी कुटुंबांच्या बाबतीत नावाची चूक वारंवार आढळते, कारण महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव व वडिलांचे नाव असा क्रम असतो, तर छत्तीसगढमधील अर्जात विद्यार्थ्याचे नाव एका रकान्यात व पित्याचे नाव दुसऱ्या रकान्यात मागितलेले असते; मग कुठे वडिलांचे नाव दोनदा येते, तर कुठे आडनावच पहिले नाव होऊन बसते. ही चूक दुरुस्त झालीच पाहिजे, कारण पुढे पदवीचा दाखला याच नोंदीवरून निघतो. परंतु छायाचित्र, सही आणि ओळखपत्र जुळत असेल तर केवळ नावातल्या मात्रेमुळे किंवा क्रमामुळे उद्याचा पेपर सहसा अडत नाही. नावाच्या दुरुस्तीचा अर्ज पेपरांच्या मधल्या सुट्टीत, मागील गुणपत्रिकेची नक्कल जोडून, स्वतंत्रपणे करावा. आजच्या निकडीच्या पत्रात ही चूक गोवू नये.

विषय, प्रश्नपत्रिकेचा संकेतांक, माध्यम अथवा केंद्र यांपैकी काही चुकले असेल तर मात्र प्रकरण गंभीर होय, आणि ते का, हे विद्यार्थ्याला कळले म्हणजे पत्रात काय लिहावे हेही आपोआप कळते. कोणत्या केंद्रावर कोणत्या विषयाचे किती परीक्षार्थी बसणार याच्या गणतीवरून त्या केंद्राला प्रश्नपत्रिका जातात. त्याच गणतीवरून आसनव्यवस्था व उपस्थितिपत्रक तयार होते. ज्याच्या नावासमोर राज्यशास्त्राऐवजी अर्थशास्त्र लागले आहे, त्याचे नाव राज्यशास्त्राच्या दिवशीच्या उपस्थितिपत्रकात मुळी नसतेच. जादा प्रश्नपत्रिका मिळून तो बसला तरी निकाल तयार होताना अर्थशास्त्रासमोर ‘अनुपस्थित’ असा शेरा पडतो आणि राज्यशास्त्राची उत्तरपुस्तिका कोणाच्या खात्यावर मांडावी हे कोणास उमगत नाही. पेपरला बसायला मिळाले म्हणजे सारे निभावले अशी समजूत करून घेणारे विद्यार्थी निकालाच्या दिवशी हताश होतात ते यामुळे.

हे सारे एका कल्पित, परंतु नित्य घडणाऱ्या उदाहरणाने पाहू. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणारी एक मुलगी पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या कला शाखेच्या परीक्षेला स्वाध्यायी, म्हणजे महाविद्यालयात न जाता, बसते आहे. सोमवारी सकाळी राज्यशास्त्राचा पेपर. शनिवारी सायंकाळी प्रवेशपत्र छापून घेतल्यावर तिच्या लक्षात येते की विषयांच्या यादीत राज्यशास्त्र नाही, अर्थशास्त्र आहे. तिचे पहिले काम ईमेल लिहिणे हे नव्हे. पहिले काम म्हणजे भरलेल्या परीक्षा-अर्जाची स्वतःजवळची छापील प्रत शोधून काढून तीत कोणता विषय आहे ते पाहणे. अर्जात राज्यशास्त्र असेल तर चूक नोंद उतरवताना झाली, आणि अर्जाची प्रत हाच तिचा पुरावा. अर्जातच अर्थशास्त्र निवडले गेले असेल तर चूक तिच्याकडून झाली, आणि मग पत्राची भाषा तक्रारीची न राहता विनंतीची झाली पाहिजे, विषयबदलाचे शुल्क भरण्याची तयारी त्यात नमूद झाली पाहिजे. हा शोध न घेता विभागावर दोषारोप करणारे पत्र पाठवणे म्हणजे आपलीच बाजू दुबळी करणे होय.

आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या अर्जात राज्यशास्त्र आहे असे धरू. तिने पत्र पाठवावे ते अर्जात नोंदवलेल्या स्वतःच्याच ईमेलवरून, वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नव्हे, कारण दप्तरातल्या पत्त्याशी पत्ता जुळला की शहानिशेचा अर्धा प्रश्न तेथेच मिटतो. पत्राची एक प्रत, ज्या महाविद्यालयात तिने अर्ज जमा केला व जे तिचे केंद्र आहे, त्याच्या प्राचार्यांना त्याच वेळी जावी. रायपूरच्या कचेरीत व्यवहार हिंदीत चालतो, म्हणून पत्र हिंदीत असावे, आणि रोल नंबर, नामांकन क्रमांक, स्वाध्यायी, केंद्राध्यक्ष हे शब्द तेथे जसे रूढ आहेत तसेच योजावेत. मसुदा मी मराठीत देतो. रायपुरात वाढलेल्या मुलीला तो हिंदीत उतरवणे कठीण नाही.

विषय: सोमवार सकाळचा पेपर – प्रवेशपत्रावर चुकीचा विषय – रोल नंबर (अंक) – तातडीची दुरुस्ती

‘महोदय, मी बी. ए. प्रथम वर्षाची स्वाध्यायी परीक्षार्थी असून माझा रोल नंबर, नामांकन क्रमांक व केंद्र खाली दिले आहे. परीक्षा-अर्जात मी राज्यशास्त्र हा विषय घेतला आहे. प्रवेशपत्रावर त्याऐवजी अर्थशास्त्र छापले गेले आहे. राज्यशास्त्राचा पहिला पेपर सोमवारी सकाळी आहे. कृपया माझ्या नोंदीत विषयाची दुरुस्ती करावी, आणि ती पेपरपूर्वी शक्य नसल्यास मला राज्यशास्त्राच्या पेपरला बसू देण्याविषयी केंद्राध्यक्षांना कळवावे. परीक्षा-अर्ज, शुल्काची पावती, प्रवेशपत्र व ओळखपत्र यांच्या प्रती जोडल्या आहेत. माझा भ्रमणध्वनी क्रमांक खाली आहे.’

या मसुद्यात अभ्यास किती झाला, घरी आई किती रडते आहे, वर्ष वाया गेले तर काय होईल, यांचा उल्लेख नाही. त्या व्यथा खऱ्या आहेत आणि त्यांची मला मनापासून कणव आहे. परंतु परीक्षेच्या हंगामात शेकडो पत्रांतून वाट काढणाऱ्या कारकुनाला कार्यवाहीसाठी लागतो तो तपशील, आणि तो पहिल्या दोन ओळींत सापडला नाही तर पत्र ‘नंतर पाहू’ या ढिगात जाते. मसुद्यातली सर्वांत मोलाची ओळ म्हणजे दोन पर्यायांची मागणी करणारी. नोंद दुरुस्त करणे वेळखाऊ असते. केंद्राध्यक्षांना कळवणे एका दूरध्वनीचे काम असते. जो केवळ ‘नवीन प्रवेशपत्र द्या’ असे मागतो, त्याला नवीन प्रवेशपत्र देता येत नसेल तर काहीच मिळत नाही.

जोडावयाचे कागद स्पष्ट छापलेले असावेत आणि त्यांची नावे `RollNo_AdmitCard.pdf` अशी ओळखू येण्याजोगी असावीत. प्रवेशपत्राचे छायाचित्र परिचितांच्या समूहात फिरवून ‘कोणाची ओळख आहे का’ अशी विचारणा पालक सद्हेतूने करतात, पण त्यावर रोल नंबर, जन्मतारीख व सही हे सारे असते, आणि तेवढ्या भांडवलावर तिऱ्हाइताला तिच्या खात्यात शिरकाव करता येण्याचा धोका असतो. हा मार्ग सर्वथा टाळावा. तसेच पाच पत्त्यांवर पाच निरनिराळी पत्रे पाठवू नयेत. दुसरे काही कळवावयाचे असेल तर पहिल्याच पत्राच्या उत्तरादाखल कळवावे, म्हणजे सारी कैफियत एका सूत्रात राहते.

शनिवारी रात्री गेलेले पत्र रविवारी वाचले जाईल अशी भिस्त ठेवू नये. १९६४ साली रायपुरात स्वतःचे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी येथल्या महाविद्यालयांचा कारभार आधी नागपूर व नंतर सागर येथील विद्यापीठाकडे असे, आणि त्या काळच्या विद्यार्थ्याला अशा प्रसंगी टपालावाचून गत्यंतर नव्हते. आज परीक्षा विभाग शहरातच आहे, या सोयीचा उपयोग करावा. पण सोमवारचा पेपर सकाळी असल्याने विभाग उघडण्याआधीच तो सुरू होणार, म्हणून मुलीने त्या सकाळी विद्यापीठात न जाता, पाठवलेल्या पत्राची तारीख-वेळ दिसणारी छापील प्रत, अर्ज, पावती व ओळखपत्र घेऊन नियोजित वेळेच्या तासभर आधी केंद्रावर जावे व केंद्राध्यक्षांना भेटावे. वडिलांनी त्याच वेळी कागदांची दुसरी जुडी घेऊन परीक्षा विभाग उघडण्याची वाट पाहावी. अर्ज आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी, कारण ईमेल पोचल्याचा वाद होऊ शकतो, आवक-शिक्क्याचा होत नाही.

केंद्राध्यक्ष बहुधा तिच्याकडून लेखी हमीपत्र घेतील, की विषयाची शहानिशा विद्यापीठ करील व निर्णय तिला मान्य राहील, आणि जादा प्रश्नपत्रिका उपलब्ध असेल तर बसू देतील. तसे करणे हे त्यांच्या अधिकारातले व विवेकातले काम आहे. ईमेल पाठवले आहे एवढ्यावरून पेपरला बसण्याचा हक्क उत्पन्न होत नाही, हे पालकांनी तेथे वाद घालण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. एक खबरदारी मात्र अत्यावश्यक: चुकीचा विषय खोडून बरोबर विषय स्वतःच्या हाताने प्रवेशपत्रावर लिहू नये, पेन्सिलीनेही नाही, कारण अशी खाडाखोड गैरप्रकारात गणली जाण्याचा धोका असतो, आणि छपाईची निरुपद्रवी चूक मग विद्यार्थ्याच्या अंगावर येते.

उपस्थितिपत्रकावर सही करताना तिने पाहावे की आपले नाव हाताने वाढवले गेले आहे की नाही, आणि उत्तरपुस्तिकेवरचा छापील क्रमांक मनात ठेवावा. घरी आल्यावर, त्याच दिवशी, मूळ पत्राच्या उत्तरात दोन वाक्ये कळवावीत: अमुक केंद्रावर, अमुक वेळी, राज्यशास्त्राचा पेपर दिला, उत्तरपुस्तिकेचा क्रमांक अमुक. हे दुसरे पत्र पहिल्याहून अधिक महत्त्वाचे आहे, कारण निकाल तयार करणाऱ्याला तिची उत्तरपुस्तिका शोधण्याचा धागा त्यातूनच मिळतो. त्यानंतर पुढील पेपरापूर्वी प्रवेशपत्र पुन्हा उतरवून पाहावे; त्यावर राज्यशास्त्र आले असेल तर नोंद दुरुस्त झाली, आणि आले नसेल तर वडिलांनी आवक-शिक्क्याची प्रत घेऊन विभागात परत जावे व दुरुस्ती कोणाच्या टेबलावर थांबली आहे ते विचारावे.