सभासद प्रोफाइलवर नाव कसं भरायचं: आधी स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव



आज फवारणीचा सल्ला नाही. हमीभाव खरेदीची नोंदणी सुरू होण्याआधी एक काम उरकून घ्यायचं आहे. सभासद अ‍ॅपमधलं तुमचं नाव बरोबर चौकटीत आहे का, ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे. आधार कार्ड, सातबारा आणि बँक पासबुक समोर घेऊन बसा.

*अडचण कुठे होते?*

नमुन्यासाठी एक नाव घेऊ: दत्तात्रय नामदेव शिंदे. शाळेच्या दाखल्यावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, म्हणजे "शिंदे दत्तात्रय नामदेव". सातबाऱ्यावर "दत्तात्रय नामदेव शिंदे". आधारवर Dattatray Namdev Shinde. पासबुकावर नुसतं SHINDE D N. माणूस एकच, कागद चार.

आता अ‍ॅपमध्ये तीन चौकटी आहेत: First Name, Middle Name, Last Name. शाळेपासून आपल्याला सवय आडनाव आधी लिहायची. म्हणून पहिल्या चौकटीत शिंदे, दुसऱ्यात दत्तात्रय आणि तिसऱ्यात नामदेव असं भरलं जातं. वाचताना काही चुकलंय असं वाटत नाही, तिन्ही शब्द आपलेच असतात. पण कॉम्प्युटर तिसऱ्या चौकटीला आडनाव समजतो. त्याच्या लेखी या माणसाचं आडनाव झालं नामदेव.

मग काट्यावर माल आला की ऑपरेटर आडनावाने यादी उघडतो. शिंद्यांच्या यादीत दत्तात्रय सापडत नाही, कारण तो "न" मध्ये जाऊन बसलाय. मागे ट्रॅक्टरची रांग असते, म्हणून ऑपरेटर नवी नोंद करून टाकतो. आता एकाच माणसाची दोन खाती झाली. निम्मं सोयाबीन एकावर, निम्मं दुसऱ्यावर. वर्षाअखेरी मालाच्या प्रमाणात बोनस काढायचा तर हिशोब तुटतो. कोणी फसवलेलं नसतं, पण पैसे अडकतात.

*भरायचं कसं?*

१) चौकट कितवी आहे ते बघू नका, तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. First Name म्हणजे स्वतःचं नाव. Middle Name म्हणजे वडिलांचं, किंवा लग्नानंतर लावत असाल तर पतीचं. Last Name किंवा Surname म्हणजे आडनाव. प्रत्येक फॉर्ममध्ये क्रम सारखा नसतो. पॅन कार्डाच्या ४९अ नमुन्यात आडनावाची चौकट सगळ्यात आधी असायची, तरी छापून येणाऱ्या कार्डावर आडनाव शेवटी यायचं.

२) स्पेलिंग आधारवरचं घ्या. Dattatray, Dattatraya, Dattatrey यातलं कोणतं शुद्ध, यावर वाद घालू नका. आधारवर जे छापलंय तेच अक्षर न अक्षर टाका.

३) आधारवरच आडनाव आधी छापलं असेल तर? तीन चौकटींच्या फॉर्ममध्ये प्रत्येक शब्द त्याच्या चौकटीत टाका. पण नावासाठी एकच लांब चौकट असेल आणि वर "आधारप्रमाणे नाव" असं लिहिलं असेल, तर आधारवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने टाका. तिथे आपलं डोकं चालवू नका.

४) आद्याक्षरं लिहू नका. D N Shinde मधला D दत्तात्रयचा की दिलीपचा, हे कोणाला कळणार?

५) राव, भाऊ, बाई, पाटील हे मानाचे शब्द आधारवर नसतील तर प्रोफाइलवरही नकोत. आधारवर सुमन असेल तर प्रोफाइलवर सुमनबाई नको.

भरून झाल्यावर असं दिसलं पाहिजे:

```
First Name  : Dattatray
Middle Name : Namdev
Last Name   : Shinde
```

*"मागच्या वर्षी चाललं होतं की!"*

असं बरेच जण म्हणतात, आणि ते खरंही असतं. काही ठिकाणी कॉम्प्युटर एकेक शब्द सुटा करून जुळवतो. तिथे क्रम मागेपुढे झाला तरी नाव पास होतं. काही ठिकाणी मात्र पूर्ण ओळ एकसाथ जुळवली जाते, आणि तिथे तेच नाव अडतं. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव किती जुळतं, याचे गुण स्क्रीनवर दाखवतात. ज्यांनी तो क्रमांक काढलाय त्यांनी ते पाहिलं असेल. म्हणून एका ठिकाणी चाललं यावर विसंबून राहू नका.

*क्रम चुकलाय की शब्दच वेगळा आहे?*

हे ओळखायची सोपी रीत आहे. कागदावर सगळ्या ठिकाणची नावं एकाखाली एक लिहा. मग शब्दाला शब्द जुळवा. तिन्ही शब्द सगळीकडे सापडले आणि फक्त जागा बदलली असेल, तर दुरुस्ती प्रोफाइलमध्येच होते. कुठल्याही कचेरीत जायची गरज नाही.

पण एखादा शब्दच वेगळा निघाला, म्हणजे आधारवर दत्तात्रय आणि सातबाऱ्यावर दत्तू, तर प्रोफाइल बदलून काही होणार नाही. मूळ कागद दुरुस्त करावा लागेल. सातबाऱ्यावर लिहिताना झालेली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती होते. अर्ज तलाठ्यांमार्फत किंवा ई-हक्क प्रणालीतून करता येतो. आधारवरचं नाव मात्र आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे आधी सगळे कागद जुळवून बघा, मगच आधारला हात लावा.

*माहेरचं नाव असलेल्या भगिनींसाठी*

वडिलांच्या जमिनीत वाटा मिळाला असेल तर त्या सातबाऱ्यावर बऱ्याचदा माहेरचं नाव असतं, आणि आधारवर सासरचं. दोन्ही खरी आहेत. प्रोफाइलच्या तीन चौकटींत आधारवरचंच नाव ठेवा. दोन्ही नावं मिसळून चार-पाच शब्दांचं नवं नाव तयार करू नका, ते कुठल्याच कागदाशी जुळणार नाही. माहेरचं पूर्ण नाव शेऱ्याच्या चौकटीत लिहा, म्हणजे शोधताना तेही सापडेल. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र लागतं. त्याची प्रत जवळ ठेवा.

*आता काय करायचं?*

अ‍ॅप उघडून वरीलप्रमाणे तीन चौकटी तपासा. मग शोधाच्या जागी स्वतःचं आडनाव टाकून बघा. तुमचं नाव एकदाच आलं पाहिजे. आलंच नाही तर चौकट चुकलीय. दोनदा आलं तर दोन खाती झाली आहेत. त्यातलं कुठलंच स्वतः काढून टाकू नका, मागच्या मालाची नोंद त्यावर असते. दोन्ही सभासद क्रमांक ऑफिसला कळवा, खाती आम्ही एकत्र करून देऊ.

शेअर प्रमाणपत्रावरचं नाव अ‍ॅपमधून बदलत नाही. ते चुकलं असेल तर मूळ प्रमाणपत्र आणि आधार घेऊन ऑफिसला या.

आणि एक, आधारचा फोटो ग्रुपवर टाकू नका. शंका असेल तर फोन करा.

— कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी