मुलांना दाखवूया : धुक्यात हरवलेला हेजहॉग

शिक्षक व पालक मित्रहो, नेहमीच्या कार्टूनपेक्षा वेगळं काही हवं असेल तर युरी नॉर्श्टेन यांचा 'हेजहॉग इन द फॉग' (१९७५) मुलांना दाखवा. हा रशियन चित्रपट साधारण १० मिनिटांचाच आहे. अंगावर काटे असलेला छोटा हेजहॉग जॅम घेऊन अस्वल मित्राकडे तारे मोजायला निघतो. वाटेत धुक्यात पांढरा घोडा दिसतो. त्याला बघायला तो धुक्यात उतरतो आणि हरवतो.

पात्रं म्हणजे चित्रांचे कापलेले तुकडे. ते काचांच्या थरांवर ठेवून, थोडे थोडे सरकवून एकेक चित्र टिपलंय. आणि धुकं? अगदी पातळ कागद! तो चित्रावरून हळूहळू कॅमेऱ्याकडे उचलत नेला, की मागचं पुसट होत जातं. ट्रेसिंग पेपर चित्रावर ठेवून वर उचला, मुलांना लगेच कळेल.

चित्रपट संथ आहे, संवाद कमी आहेत. मागे लागलेल्या घुबडाला लहान मुलं घाबरू शकतात, म्हणून शेजारी बसा. शेवटी तात्पर्य मात्र विचारू नका. मित्राजवळ सुखरूप पोचूनही हेजहॉगच्या मनात घोडाच असतो. "का बरं?" एवढंच विचारा आणि ऐका.