फोनवर पळतं, लॅपटॉपवर अडतं

मी बोईसरला छोट्या कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं भरतो. तारापूर एमआयडीसीत खोदकामात केबल तुटली की दोन-दोन दिवस ऑफिसचं इंटरनेट बंद पडतं. अशाच एका महिन्याच्या १९ तारखेला मी फोनचं हॉटस्पॉट लावून बसलो. फोनवर व्हिडिओ सुरळीत चालत होता, लॅपटॉपवर मात्र जीएसटीचं पोर्टल उघडेना. जीएसटीआर-३बीची शेवटची तारीख २०. एका ग्राहकाचं विवरण २२ला गेलं. दिवसाला ५० रुपयांप्रमाणे विलंबशुल्काचे १०० रुपये आणि उशिरा भरलेल्या करावरचं १८ टक्के दराचं व्याज मी माझ्या खिशातून भरलं. रक्कम फार नव्हती, पण त्या माणसाने माझ्या भरवशावर सोडलेलं काम होतं.

त्याच रात्री रागाच्या भरात मोबाइल कंपनीला मेल पाठवला: ‘हॉटस्पॉट फार स्लो आहे, ताबडतोब दुरुस्त करा.’ उत्तर आलं की तुमच्या भागात नेटवर्क चांगलं आहे, फोन बंद करून चालू करा. चूक माझीच होती. ‘स्लो’ म्हटल्यावर टॉवरपासून लॅपटॉपपर्यंत कुठेही दोष असू शकतो आणि उत्तर देणारा सगळ्यात सोपा दोष धरतो.

मग पालघरला राहणारी माझी भाची रविवारी आली आणि आम्ही एकाच टेबलावर बसून दोष शोधला. आधी फोनवर स्पीड टेस्ट केली: १४० एमबीपीएस. लगेच हॉटस्पॉटवर लॅपटॉपची: १.८. दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते आणि हॉटस्पॉट बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणून पहिला संशय वायफायवरच. त्यासाठी फोन केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग लावलं. तरीही १.९. म्हणजे वायफायचा दोष नव्हता. लॅपटॉपवर विंडोजचे अपडेट मागे उतरत नाहीत ना, तेही पाहिलं. हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ केलं, आकडा बदलला नाही. शेवटी त्याच फोनमध्ये भाचीचं दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं: लॅपटॉपवर ३८. आता फोन आणि लॅपटॉप दोन्ही सुटले. उरलं माझं सिम आणि त्यावरचा प्लॅन.

लॅपटॉप वापरतोय हे कंपनीला कसं कळतं? प्रत्येक डेटा पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो एकाने घटतो. फोनमधून निघणारं पॅकेट सहसा ६४ने निघतं. विंडोज लॅपटॉपचं १२८ने निघून फोनमधून जाताना १२७ होतं. नेटवर्कला एवढी खूण पुरते. हा आकडा बदलून चकवा देण्याचे उपाय लोक सांगतात. मी ते केलं नाही. अटी मोडल्या तर उद्या तक्रार करायला तोंड राहत नाही.

दुसरा मेल असा लिहिला:

‘रिचार्जची तारीख आणि रक्कम अमुक. ठिकाण बोईसर, पिन ४०१५०१. रविवारी सकाळी १०.२० ते १०.४० दरम्यान फोनवर १४०, हॉटस्पॉटवर १.८, यूएसबीवर १.९ एमबीपीएस. त्याच फोनमध्ये दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ३८. चारही स्क्रीनशॉट जोडले आहेत. दिवसाचा डेटा शिल्लक होता. माझ्या प्लॅनवर हॉटस्पॉटच्या वेगावर मर्यादा आहे का? असल्यास ती अटींच्या कोणत्या कलमात आहे आणि रिचार्ज करताना मला कुठे दाखवली होती? नसल्यास दोष कधीपर्यंत दूर होईल? तक्रार क्रमांक कळवावा.’

शिल्लक डेटाचं वाक्य विसरू नका. कोटा संपल्यावर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि ते उत्तर देऊन तक्रार मिटवली जाते.

मेलबरोबर १९८वर फोन करून तक्रार नोंदवली, कारण नियमाप्रमाणे तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय अपील करता येत नाही. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे फुकट दाद मागता येते आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्रायकडे मेल पाठवून थांबू नका. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

अपिलात एक मुद्दा मांडता येतो. २०१८च्या जुलैमध्ये केंद्राने मान्य केलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या तत्त्वानुसार ग्राहकाच्या उपकरणावरून मजकुराला वेगळी वागणूक देण्यास मनाई आहे. मात्र वाजवी वाहतूक नियोजनाची सूट कंपनीला आहे, म्हणून मर्यादा वाजवी कशी, हे तिलाच विचारायचं.

मला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. आठव्या दिवशी लेखी उत्तर आलं: या प्लॅनचा अमर्याद डेटा फोनपुरता, हॉटस्पॉटचा वेग मर्यादित, सोबत कलमाचा क्रमांक. ती अट रिचार्जच्या पानावर तळाशी, ‘अधिक वाचा’च्या आत होती. पुढच्या महिन्यात मी प्लॅन बदलला आणि १५ तारखेलाच त्याच टेबलावर लॅपटॉपची टेस्ट केली: ९६.