पुरणपोळी का फुटते?

होळी आली की घरोघरी पुरणपोळी फुटल्याची तक्रार ऐकू येते आणि दोष लाटणाऱ्या हाताला दिला जातो. खरे कारण बहुधा कणीक व पुरण यांच्या मऊपणातील फरक हे असते.

एक वाटी हरभऱ्याच्या डाळीला एक वाटी गूळ घालून आटवताना उलथने मधोमध उभे राहिले, की पुरण झाले. त्याआधी उतरवलेले सैल पुरण कडेने बाहेर येते. फार आटवलेले कोरडे होऊन कणीक फाडते. पुरण गरम असतानाच वाटावे. डाळीचा एक अख्खा दाणाही पारीला भोक पाडतो.

कणीक नेहमीच्या पोळीपेक्षा सैल भिजवून, तेल लावून दोन तास झाकावी. लिंबाएवढ्या गोळीची पारी मधे जाड, कडेला पातळ करावी, कारण कडा वर एकत्र येतात. तिच्यात दीडपट पुरण भरावे. (सरावलेल्या बायका दुप्पट भरतात!) तोंड मिटून वरचे शेंडीसारखे टोक खुडून टाकावे.

उंडा तांदळाच्या पिठीवर ठेवून प्रथम बोटांनी दाबावा, म्हणजे पुरण काठापर्यंत पोचते. मग हलक्या हाताने कडेकडेने लाटावे. तरीही फुटलीच, तर तेथे चिमूटभर पिठी दाबावी व पोळी लगेच तव्यावर टाकावी.