ग्राहकाचा अभिप्राय व विश्वासार्ह निवेदन

सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी नवे गिऱ्हाईक विश्वास ठेवते ते दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर. समजा, एका गृहिणीने शेतकरी गटास कळविले : ‘रंग छान. आधी महाग वाटली, पण भाजीला निम्मी पुरते. पिशवी मात्र फाटली होती.’ यावरून ‘सर्वोत्तम हळद’ असे निवेदन रचू नये. शंका, वापर व उणीव या क्रमाने तिचेच शब्द ठेवावेत : ‘हळद आधी महाग वाटली, पण भाजीला निम्मीच पुरते. पिशवी तेवढी मजबूत हवी.’ उणीव राहिल्याने बोलणे खरे वाटते. तिची संमती घेऊन मजकूर तिलाच मोठ्याने वाचावयास द्यावा. जेथे ती अडखळेल, तेथील शब्द तिचा नव्हे, लिहिणाराचा आहे असे समजून तो काढावा.